कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’, पण ‘ओ’ रक्त जुळत नाही : बॉम्बे रक्तगटाची माहिती

ऑपरेशनची तारीख ठरलेली असते. पेशंटचा रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे, हे घरात सगळ्यांना वर्षानुवर्षे माहीत असते. ओ पॉझिटिव्ह म्हणजे आपल्याकडे सहज मिळणारे रक्त, म्हणून कुणी काळजी करत नाही. आणि ऐन वेळी रक्तपेढीतून निरोप येतो, ‘बाटली जुळत नाही. दुसरी लावून बघतो.’ दुसरी जुळत नाही, तिसरीही जुळत नाही. अशा वेळी नातेवाईकांना वाटते की रक्तपेढीवाले टाळाटाळ करताहेत किंवा साठा खराब आहे. पण खरे कारण बऱ्याचदा पेशंटच्याच रक्तात असते, आणि त्या कारणांपैकी एकाचे नाव आपल्या मुंबईवरून पडले आहे : बॉम्बे रक्तगट.

भारतात साधारण दहा हजार माणसांत एकाचा रक्तगट बॉम्बे असतो, असे मानले जाते. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचाच सापडतो. महाराष्ट्र आणि दक्षिण भारतात त्याचे प्रमाण तुलनेने जास्त आहे. म्हणजे हा विषय आपल्या घरापासून फार दूरचा नाही.

शोध कसा लागला

१९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर एक कोडे आले. काही जणांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’सारखे दिसत होते, पण कोणत्याही दात्याच्या रक्ताशी जुळत नव्हते, अगदी ‘ओ’ रक्ताशीसुद्धा नाही. असे रक्त फक्त एकमेकांशीच जुळत होते. लंडनच्या रक्तगट तज्ज्ञांच्या मदतीने या रक्ताचा अभ्यास झाला आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. ज्या शहरात हे रक्त प्रथम सापडले, त्याचेच नाव या गटाला मिळाले. त्याचा अर्थ हा गट फक्त मुंबईकरांत असतो, असा नाही.

‘ओ’ आणि बॉम्बे यांत फरक काय?

हे समजायला एक साधी कल्पना करू. प्रत्येक लाल रक्तपेशी म्हणजे एक भिंत आणि त्या भिंतीवर खुंट्या ठोकलेल्या आहेत. या खुंटीला विज्ञानात ‘एच’ प्रतिजन म्हणतात. ज्यांचा गट ‘ए’ आहे त्यांच्या खुंटीवर एक प्रकारचा कपडा टांगलेला असतो. ‘बी’ गटात दुसऱ्या प्रकारचा असतो आणि ‘एबी’ गटात दोन्ही असतात. ‘ओ’ गटात खुंट्या भरपूर असतात, पण त्यांवर काहीच टांगलेले नसते.

बॉम्बे गटात मात्र खुंटीच नसते. आई आणि वडील दोघांकडून एच जनुकाची बिघडलेली प्रत आली की शरीराला ही खुंटी बनवता येत नाही. आता गंमत बघा. अशा माणसाकडे ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक असले तरी त्याचा उपयोग होत नाही. कपडा तयार आहे, पण टांगायला जागाच नाही. म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ शोधणारी तपासणी केली की काही सापडत नाही आणि कार्डावर ‘ओ’ लिहिले जाते.

इथपर्यंत फार बिघडलेले नाही. खरी अडचण पुढे आहे. आपल्या शरीरावर जे नाही, त्याच्याविरुद्ध आपले रक्त प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार ठेवते. ‘ए’ गटाच्या रक्तात ‘बी’विरुद्ध प्रतिपिंडे असतात, ती याच कारणाने. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ‘ए’ नाही, ‘बी’ नाही आणि ‘एच’ही नाही. म्हणून त्याच्या रक्तात तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. एचविरुद्धची ही प्रतिपिंडे शरीराच्या नेहमीच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांनाही, जोरात काम करतात. आणि ‘एच’ सर्वांत जास्त कोणाच्या पेशींवर असते? ‘ओ’च्या. म्हणजे ज्या ‘ओ’ रक्ताला आपण ‘सगळ्यांना चालणारे’ म्हणतो, तेच या माणसाला चालत नाही.

या गटामुळे माणूस आजारी असतो, असे मात्र नाही. तो अगदी सर्वसामान्य आयुष्य जगतो. फरक पडतो तो रक्त घ्यायची वेळ आली की.

नेहमीच्या तपासणीतून हे सुटते कसे?

रक्तगट तपासण्याच्या दोन बाजू असतात. पहिल्या बाजूत पेशंटच्या लाल पेशी घेतात आणि त्यांवर ‘ए’विरोधी व ‘बी’विरोधी द्रावणाचा थेंब टाकतात. पेशी एकमेकींना चिकटून दाणे झाले, तर तो प्रतिजन आहे. काहीच झाले नाही, तर गट ‘ओ’. शाळेतल्या आरोग्य शिबिरात किंवा छोट्या लॅबमध्ये काचेच्या पट्टीवर एवढेच केले जाते. या तपासणीत बॉम्बे आणि ‘ओ’ हुबेहूब सारखे दिसतात.

दुसरी बाजू उलटी असते. इथे पेशंटचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव, घेतात आणि त्यात ओळखीच्या पेशी टाकतात. ‘ए’ पेशी, ‘बी’ पेशी आणि ‘ओ’ पेशी अशा तीन नळ्या लावतात. खऱ्या ‘ओ’ माणसाचा प्लाझ्मा ‘ए’ आणि ‘बी’ पेशींना चिकटवतो, ‘ओ’ पेशींना सोडून देतो. बॉम्बे गटाचा प्लाझ्मा तिन्ही नळ्यांत दाणे करतो. तिसरी, ‘ओ’ पेशींची नळी लावलीच नाही, तर हा फरक दिसत नाही. ही एक नळी गाळली की चूक कार्डावर छापली जाते आणि माणूस ते कार्ड पाकिटात घेऊन आयुष्यभर फिरतो.

मग ही चूक पकडली जाते ती क्रॉसमॅचमध्ये. यात पेशंटचा प्लाझ्मा आणि ज्या बाटलीतले रक्त द्यायचे आहे त्या बाटलीतल्या पेशी प्रत्यक्ष एकत्र करून बघतात. गट सारखा आहे, एवढ्यावर विसंबून न राहता ‘हे रक्त या माणसाला चालेल का’, हा थेट प्रश्न विचारला जातो. म्हणून क्रॉसमॅच फसला, तर रक्तपेढीवर रागावू नये. त्या तपासणीने पेशंटचा जीव वाचवलेला असतो.

एक उदाहरण पायरी-पायरीने पाहू

समजा, एका तालुक्याच्या गावातल्या ४४ वर्षांच्या बाई आहेत. घरात सगळे त्यांना आपा म्हणतात. गर्भाशयात गाठी आहेत, पाळीत खूप रक्त जाते, म्हणून गर्भाशय काढायचे ठरले आहे. हिमोग्लोबिन ८.२ आहे. डॉक्टरांनी ओ पॉझिटिव्ह रक्ताच्या दोन बाटल्या तयार ठेवायला सांगितले.

रक्तपेढीने चार बाटल्या लावून पाहिल्या. चारही नळ्यांत ठळक दाणे झाले. तंत्रज्ञाने आधी नमुना दुसऱ्या कुणाचा तर नाही ना, हे तपासले आणि आपांचे रक्त पुन्हा घेतले. निकाल तोच आला.

आता इथे तीन शक्यता असतात. पहिली, आपांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत. हे पाहायला त्यांचा प्लाझ्मा त्यांच्याच पेशींशी जोडून बघतात. इथे दाणे झाले नाहीत, म्हणजे ही शक्यता गेली. दुसरी शक्यता, आधीच्या बाळंतपणांमुळे किंवा पूर्वी घेतलेल्या रक्तामुळे दुसऱ्या एखाद्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत. तसे असते तर बहुतेक वेळा काही बाटल्या जुळतात, काही जुळत नाहीत. इथे एकही जुळली नव्हती. तिसरी शक्यता बॉम्बे गटाची.

तिची खात्री करायला एक स्वस्त पण नेमके द्रावण असते. ते युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून बनते आणि ‘एच’ला चिकटते. हे द्रावण ‘ओ’ पेशींवर टाकले की जोरात दाणे होतात. आपांच्या पेशींवर टाकले आणि काहीच झाले नाही. खुंटीच नव्हती. गट निघाला बॉम्बे, आरएच पॉझिटिव्ह.

ऑपरेशन तातडीचे नव्हते, म्हणून डॉक्टरांनी ते पुढे ढकलले. हा निर्णय घरच्यांना आवडत नाही, पण अशा वेळी तोच शहाणपणाचा असतो. आपांना शिरेतून लोह दिले, पाळीतला रक्तस्राव औषधाने कमी केला. सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. एका बाटलीने हिमोग्लोबिन साधारण एकनेच वाढते, म्हणजे या औषधांनी जवळपास तीन बाटल्यांचे काम केले.

दरम्यान दात्याचा शोध सुरू झाला. आणि इथे बहुतेक घरांत शोध चुकीच्या दिशेने जातो.

आधी कुणाची तपासणी करायची?

पहिल्यांदा नवरा आणि मुले धावून येतात. आई वाचावी म्हणून मुलगा हात पुढे करणारच. पण मुलांना एच जनुकाची एक प्रत वडिलांकडून मिळालेली असते आणि ती बहुधा चांगली असते, त्यामुळे मुलांच्या पेशींवर खुंटी असते. त्यांचे रक्त आईला चालत नाही. आई-वडिलांचेही तेच. त्या दोघांकडे सहसा एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते, म्हणून त्यांचा स्वतःचा गट साधा असतो.

खरी आशा सख्ख्या भावा-बहिणींत असते. आई-वडील दोघांनी बिघडलेली प्रत दिली तरच मूल बॉम्बे गटाचे होते आणि ही शक्यता प्रत्येक मुलामागे चारांत एक असते. आपांना पाच भावंडे असतील, तर त्यांतले निदान एक तरी बॉम्बे असण्याची शक्यता चारांत तीन इतकी होते.

शोध आणखी सोपा करता येतो. ज्या भावाचा गट नीट तपासून ‘ए’, ‘बी’ किंवा ‘एबी’ आला आहे, तो बॉम्बे असू शकत नाही, कारण त्याच्या पेशीवर कपडा आहे म्हणजे खुंटी आहेच. बॉम्बे माणूस कार्डावर नेहमी ‘ओ’ म्हणूनच लपलेला असतो. म्हणून आधी ‘ओ’ लिहिलेल्या भावंडांना बोलवा. आपांच्या पाच भावंडांपैकी तिघांच्या कार्डावर ‘ओ’ होते. त्यांतल्या एका भाईंचा गट बॉम्बे निघाला. त्यांनीही आजवर दोनदा ‘ओ’ म्हणून रक्तदान केले होते, आणि त्यात कुणाचे नुकसानही झाले नव्हते. बॉम्बे गटाच्या लाल पेशींवर काहीच नसल्यामुळे, आरएच जुळत असेल तर त्या इतरांना चालतात. द्यायला सगळ्यांना चालतात, घ्यायला मात्र फक्त आपल्याच गटाच्या लागतात.

सख्ख्या नातेवाईकाचे रक्त देताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अगदी जवळच्या नात्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरात टिकून त्याच्यावरच हल्ला करण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो. तो टाळण्यासाठी बाटलीला आधी ठराविक मात्रेचे किरण देतात. याची आठवण घरच्यांनी डॉक्टरांना करून दिली तरी चालते.

भाईंनी ३५० मिलिलिटर रक्त दिले. दुसरी बाटली दुर्मीळ दात्यांच्या यादीतून मिळाली. ऑपरेशन झाले आणि त्यात एकच बाटली लागली.

यादी कुठे असते?

केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. अवघड रक्तगटांची खात्री करणे आणि दुर्मीळ दात्यांची नोंद ठेवणे, हे काम तिथे चालते. स्थानिक रक्तपेढीला निदान जमले नाही, तर नमुना अशा मोठ्या केंद्राकडे पाठवायला सांगावे. समाजमाध्यमांवर ‘ओ पॉझिटिव्ह हवे’ असा मेसेज फिरवून इथे काही होत नाही. शंभर भले लोक येतील आणि एकाचेही रक्त जुळणार नाही. मेसेज टाकायचाच असेल तर ‘बॉम्बे गट’ असे स्पष्ट लिहा.

मुंबईचे हे दाते देशाबाहेरही उपयोगी पडले आहेत. २०१६ साली ढाक्यात अपघातात जखमी झालेल्या एका तरुणाचा गट बॉम्बे निघाला आणि तिथे रक्त मिळेना. तेव्हा मुंबईतल्या चार दात्यांनी रक्त दिले आणि चार बाटल्या बांगलादेशला पाठवल्या गेल्या.

साध्या थंडाव्यात लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. विशेष द्रव मिसळून उणे ८० अंशांत गोठवल्या तर वर्षानुवर्षे ठेवता येतात, पण ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. म्हणून ऑपरेशनची तारीख आधी माहीत असेल आणि हिमोग्लोबिन ११ किंवा त्याहून जास्त असेल, तर पेशंट स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवू शकतो. शेवटची बाटली ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी काढतात.

चुकून ‘ओ’ रक्त दिले गेले तर?

अपघाताच्या गडबडीत क्रॉसमॅचची वाट न पाहता ‘ओ निगेटिव्ह’ लावले जाते. बहुतेकांना ते चालते, बॉम्बे गटाला चालत नाही. दिलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटू लागतात. थंडी वाजून ताप येतो, कंबर आणि छाती दुखते, जीव घाबरा होतो, रक्तदाब घसरतो, लघवी चहासारखी किंवा लाल होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. बेशुद्ध पेशंट हे सांगू शकत नाही, म्हणून शेजारी बसलेल्या माणसाने लक्ष ठेवायचे. पहिल्या पंधरा मिनिटांत यांपैकी काहीही दिसले, तर लगेच नर्सला हाक मारा. रक्त तिथल्या तिथे थांबवतात आणि सलाईन चालू ठेवतात. बाटली फेकू देऊ नका, ती तपासणीसाठी रक्तपेढीत परत जाते.

घरातल्या कुजबुजीबद्दल दोन शब्द

हा भाग आपल्या घरांसाठी रक्ताच्या बाटलीइतकाच महत्त्वाचा आहे. आपांचे कार्ड ‘ओ’, त्यांच्या शौहरचे कार्ड ‘ओ’, आणि मुलाचा गट निघाला ‘बी’. पुस्तकात तर लिहिले आहे की ‘ओ’ आणि ‘ओ’ यांचे मूल ‘ओ’च असते. मग कुणीतरी काहीतरी बोलते. बोट कुणाकडे जाते, हे सांगायला नको.

उत्तर साधे आहे. आपांकडे ‘बी’चे जनुक होतेच, पण खुंटी नसल्याने ते दिसत नव्हते. मुलाला आईकडून ‘बी’ मिळाले आणि वडिलांकडून खुंटी. त्याच्यात दोन्ही जमले आणि ‘बी’ दिसू लागले. तसेच ‘एबी’ गटाच्या वडिलांचे मूल कार्डावर ‘ओ’ दिसू शकते. असा न जुळणारा हिशोब समोर आला, तर संशय घेण्याआधी आईचा किंवा मुलाचा गट पूर्ण पद्धतीने, ‘ओ’ पेशींसह, तपासून घ्या. एखाद्या बाईवर तोहमत लावण्यापेक्षा एक नळी जास्त लावणे सोपे आहे. खरे तर हा न जुळणारा हिशोब कुणी वेळेवर डॉक्टरांना दाखवला असता, तर आपांचे निदान ऑपरेशनच्या कितीतरी आधी झाले असते.

दुसरी गोष्ट नात्यातल्या निकाहची. चुलत, मामे, आते किंवा मावस भावा-बहिणींत लग्न झाले की दोघांकडे आजा-आजीकडून आलेली एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. हे आपल्यातच आहे असे नाही; मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्र आणि दक्षिणेतल्या अनेक हिंदू समाजांतही आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण खानदानात एकाचा गट बॉम्बे निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि नात्यात लग्न झालेल्या घरांतल्या ‘ओ’ कार्डवाल्यांनी तपासणी करून घ्यावी.

गट बॉम्बे निघाला तर

रक्तपेढीकडून लेखी अहवाल घ्या आणि त्यावर ‘बॉम्बे’ हा शब्द आरएचसह स्पष्ट आहे का ते बघा. जुने ‘ओ’ लिहिलेले कार्ड फाडून टाका. अपघातात खिशात तेच सापडले तर तेच जीवघेणे ठरेल. नवी नोंद पाकिटात, मोबाइलमध्ये आणि घरातल्या दोन माणसांकडे ठेवा. गरोदरपण असेल तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा, म्हणजे बाळंतपणासाठी रक्ताची सोय महिने आधी लागते. आणि दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव नोंदवा. १८ ते ६५ वय, ४५ किलो वजन आणि १२.५ हिमोग्लोबिन असलेला निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. पण बॉम्बे दात्याने सवयीने रक्त देत राहू नये. यादीत नाव ठेवावे आणि बोलावणे आले की जावे, कारण त्याच्या गटाचा पेशंट कधी आणि कुठे अडेल, हे आधी कळत नाही.